क्विंटलाची रुई किती?

आठवीत मराठीच्या सरांनी फळ्यावर हा उतारा लिहिला आणि एक तृतीयांश सारांश मागितला :

‘गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने रस्ते, पाणवठा, देवळाचे आवार झाडून काढत. डोक्यावर मडक्याचे खापर, अंगात चिंध्यांचे कपडे. दिवसभर झाडझूड झाली की रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, मुलांना शिकवा, असे सांगत.’

शब्द ४८, म्हणजे सारांश १६ शब्दांचा. मी काय केलं? पहिली दोन वाक्यं उचलली आणि वर ‘बाबा थोर संत होते’ असं घरचं वाक्य जोडलं. वही पाहून सर म्हणाले, “काऊन बे, सरकीसकट आणली का? आन् हे थोर संत उताऱ्यात कुठी हाय?”

बाप जिनिंगवर हमाल, त्यामुळं मले ते लगेच समजलं. क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलोच रुई निघते, बाकी सरकी. (एक तृतीयांशाचा हा मेळ सरांनी जुळवला होता की आपोआप जुळला, देव जाणे.)

मग सरांनी आम्हाला अंगठा वापरायला लावला. एकेक वाक्य अंगठ्यानं झाकायचं अन् उरलेलं वाचायचं. अर्थ लंगडला नाही, तर ते वाक्य सोडायचं. खापराचं वाक्य झाकलं, काही बिघडलं नाही. मले ते सगळ्यात आवडलं होतं, म्हणून खोडताना जिवावर आलं. कीर्तनाचं झाकलं, तर बाबा नुसते झाडणारेच उरले. नंतर जे सुटंसुटं होतं त्याले एक नाव शोधायचं : रस्ते, पाणवठा, आवार म्हणजे गाव, कर्ज काढून सण म्हणजे उधळपट्टी, देवापुढचं बकरं म्हणजे पशुबळी. शेवटी फळ्याकडे पाठ करून लिहायचं, कारण उतारा डोळ्यापुढं असला की त्याचीच वाक्यं हातात येतात.

पाठ फिरवून तिसऱ्या खेपेला हे जमलं : ‘गाडगेबाबा दिवसा गाव स्वच्छ करत, रात्री कीर्तनातून प्रश्न विचारून लोकांना पशुबळी आणि उधळपट्टी सोडून शिक्षणाकडे वळवत.’ बोटांवर मोजले, बरोबर सोळा. शीर्षक दिलं ‘खराटा आणि कीर्तन’. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली, बोलले काही नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरा उतारा आला. त्यात बाबांचा वेश कसा होता अन् तो तसा का होता, एवढंच होतं. मी मोठ्या हुशारीनं पहिल्याच झटक्यात खापर खोडलं. सर वही घेऊन हसतच सुटले. “बापू, आता तं रुईच फेकली अन् सरकी घरी आणली!”