नावातला ‘न्यू’

आज दुपारी नारायण पेठेतल्या आप्पांच्या सायकलींच्या दुकानात गेलो होतो. त्यांची जीएसटीची विवरणपत्रे मीच भरतो, परंतु आजचे बोलावणे पाटीसाठी होते. दुकानाच्या जुन्या पाटीवर इंग्रजी अक्षरे मोठी आहेत आणि मराठी अक्षरे खाली, बारीक आहेत. राज्याच्या दुकाने कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटीवर मराठी नाव आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहावे लागते, त्यामुळे नवी पाटी करणे भागच होते.

पाटी बदलतोच आहोत, तर नावही बदलून घेऊ, असे आप्पांच्या मुलाचे म्हणणे होते. साठ वर्षांच्या दुकानाला ‘न्यू पूना सायकल मार्ट’ म्हणायचे म्हणजे गिऱ्हाइकाला हसायला निमित्त देणे, असे तो म्हणाला, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. व्यापारी नाव बदलले तरी जीएसटी क्रमांक तोच राहतो. बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज भरला की काम होते, हे मी उत्साहाने सांगूनही टाकले.

आप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “साहेब, ‘न्यू’ आमच्या वडिलांनी हौस म्हणून लावलेले नाही.”

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा आप्पा बारा वर्षांचे होते. दुकानात टांगलेल्या सायकली, सुटे भाग, उधारीची वही, सगळे गेले. वाचल्या त्या फक्त त्या सकाळी भाड्याने बाहेर गेलेल्या सायकली. वही गेल्यामुळे कोणी काय नेले याचा पुरावा उरला नव्हता. मडगार्डवर रंगवलेले दुकानाचे नाव आणि नंबर एवढीच काय ती ओळख. तरीही पुढच्या काही दिवसांत माणसे चिखल तुडवत, दुकान कुठे होते ते विचारत आली आणि अकरा सायकली परत करून गेली. त्या अकरा सायकलींवर वडिलांनी पुन्हा दुकान मांडले आणि वाचलेल्या पाटीच्या कोपऱ्यात तिरपे ‘न्यू’ लिहून घेतले.

मी पाटीकडे पाहिले. इतकी वर्षे येतो आहे, पण ते अक्षर बाकीच्या नावापेक्षा वेगळ्या हाताचे आहे, हे कधी लक्षातच आले नव्हते. मुलालाही यातले बरेचसे नवे असावे, कारण तो काही बोलला नाही.

संध्याकाळी पेंटर मापे घ्यायला आला आणि सगळे शब्द एका ओळीत सरळ घेऊ का, असे त्याने विचारले. आप्पा तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “‘न्यू’ तिरपेच ठेवा.”