चार धावांचा त्रिकोण

परवा दुपारी अप्पा बळवंत चौकात भाचीसाठी वह्या घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने चळतीखालून एक आडवी, निळ्या पुठ्ठ्याची वही ओढली आणि "ही तुमच्या कामाची नाही" म्हणत बाजूला ठेवली. स्कोअरबुक! गरज नसताना घेतली.

बाराव्या वर्षी, पुरंदर तालुक्यातल्या मामाच्या गावी, मी हीच वही मांडीवर घेऊन लिंबाखाली बसायचो. बॅटिंग कुणी देत नसे. अक्षर बरं होतं एवढंच. पण रुबाब होता. अंपायर तात्यांनी खूण केली की आपण हात वर करायचा, तोवर तात्या पुढचा बॉल टाकू देत नसत. बावीस दांडगे गडी माझ्या हातासाठी उन्हात थांबलेले असत. मी तो जरा सावकाशच वर करायचो.

एकदा समोरच्या टीमच्या ८७ झाल्या. फलंदाजांच्या ७४ आणि अवांतर १३, जुळलं. पण दुसरीकडूनही मोजायचं असतं: बोलरांनी दिलेल्या धावा, त्यात वाइड आणि नो-बॉल धरून, वर बाय आणि लेग बाय मिळवायच्या. ते बोलरच्या माथी नसतात. बाय-लेग बाय मिळून ६ होत्या, म्हणजे बोलरांकडे ८१ हव्या होत्या. निघाल्या ८५.

"आटप की रं! ८८ करायच्यात, एवढं कळलं आम्हाला," कॅप्टन ओरडला. बरोबरच होतं, टोटल चुकलेली नव्हतीच. पण मला त्या चार दिसत राहिल्या.

रात्री ओट्यावर एकेक ओव्हर बोटाने तपासली. बापूमामाची तिसरी ओव्हर: तीन टिंबं, एक चौका, पुन्हा दोन टिंबं. फलंदाजांच्या रकान्यांत त्या वेळचा चौका कुणाच्याच नावावर नव्हता. मग आठवलं. बॉल कीपरच्या दोन्ही पायांमधून सीमेपार गेला होता आणि तात्यांनी उघडा पंजा वर केला होता. मी अवांतरमध्ये बाय लिहिली आणि सवयीने बोलरकडेही ४ टाकले. आता त्या चाराभोवती बायचा त्रिकोण काढला, आणि ओव्हरमध्ये बापूमामाच्या नावावर काहीच उरलं नाही. मेडन!

सकाळी गोठ्यात जाऊन सांगितलं. मामा धार काढत होता. "कुठली?" म्हणाला. "तिसरी." तो काही बोलला नाही. धार संपल्यावर हात धुतले, धोतराला पुसले आणि म्हणाला, "वही दाव."

वाचता फारसं येत नव्हतं त्याला. त्रिकोणावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसला.

मॅच कोण जिंकलं, ते आठवत नाही. नवी वही टेबलावर ठेवली होती. आयत्या चौकटी मिळाल्या म्हणून भाचीने तिच्यात शाळेचं वेळापत्रक लिहून टाकलंय.