डबल बाऊल सिंक: डावीकडचं पाणी उजवीकडे, आणि तांब्याने शोधलेला अडथळा

लातूरला मावशीकडच्या सिंकचं काम हाती घेतलंय. लक्षण असं की डाव्या बाऊलमध्ये भांडी धुतली की उजव्या बाऊलच्या जाळीतून तेच खरकटं पाणी वर येतं, दोन्हीकडे सारख्या पातळीला उभं राहतं आणि मग सावकाश उतरतं. प्लंबरने ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाईप, बदलायला सांगितलं होतं. त्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते पाहायचं ठरवलं.

दोन्ही बाऊलचे वेस्ट पाईप ओट्याखाली एका टीमध्ये मिळतात आणि तिथून पुढे एकच ट्रॅप आहे. डाव्या बाऊलच्या स्वतःच्या पाईपमध्ये काही अडकलं असतं तर फक्त डावा बाऊल तुंबला असता. पाणी उजवीकडे चढतंय म्हणजे अडथळा टीच्या पुढे, ट्रॅपमध्ये किंवा भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पाईपमध्ये. इथे एक फरक ध्यानात ठेवा. साध्या टीमध्ये जोराचं पाणी सोडलं तर चांगल्या सिंकमध्येही समोरच्या जाळीत क्षणभर पाणी डोकावतं. ते लगेच खाली जातं. तुंबलेलं पाणी मात्र तिथेच थांबतं.

खाली बादली ठेवून ट्रॅपचे नट हातानेच सोडवले. आत भाताची थोडी शितं आणि कोथिंबिरीच्या काड्या, बाकी वाट मोकळी. ट्रॅप काढलेला असतानाच दोन्ही बाऊलमध्ये पाणी ओतून पाहिलं, तर ते धो धो बादलीत पडलं. म्हणजे टी आणि तिच्यावरचे पाईप स्वच्छ. दोष भिंतीतल्या पाईपचाच निघाला, नवा ट्रॅप बसवून काहीच फरक पडला नसता.

आता भिंतीत किती आत? ट्रॅप परत बसवला आणि रात्रभर सिंक वापरायचं नाही असं मावशीला सांगितलं. पाईप पूर्ण तुंबलेला नव्हता, त्यामुळे साचलेलं पाणी झिरपून सकाळपर्यंत तो रिकामा झाला. मग एक लिटरच्या तांब्याने डाव्या बाऊलमध्ये भराभर पाणी ओतलं. दोन तांबे गडप झाले आणि त्यानंतर लगेच उजव्या जाळीत पाणी दिसलं. बाहेरून ४० मिमी असलेल्या पाईपमध्ये मीटरला साधारण एक लिटर पाणी मावतं. ट्रॅपच्या वरच्या दोन उभ्या तुकड्यांचं मिळून अर्धा लिटरच्या आत धरलं, तर उरलेलं दीड लिटर भिंतीतल्या पाईपचं. म्हणजे ट्रॅपपासून अंदाजे दीड मीटरवर अडथळा. हा अंदाजच. पाईपला मध्ये झोळ असेल तर तिथे आधीचंच पाणी असतं आणि अंतर कमी भरतं. ओतताना हात सावकाश चालला तर पाणी झिरपत राहतं आणि अंतर जास्त भरतं.

बाहेर जाऊन टेपने मोजलं, तर दीड मीटरच्या आसपास पाईप भिंतीतून बाहेर पडतो आणि तिथेच चेंबरकडे वळणारा एल्बो आहे.

ट्रॅप पुन्हा काढून पाईपमध्ये तुंबलेलं मोकळं करायची लांब लवचीक स्प्रिंग घातली. एल्बोपाशी ती अडली. स्प्रिंग एकाच दिशेने फिरवत राहायची, उलटी फिरवली तर पीळ सुटतो. टोकाला राखाडी-पांढरा, साबणाच्या वडीसारखा गोळा आला. बोटाने फोडला तर आत ज्वारीच्या पिठाचा चिकट थर आणि शेंगदाण्याच्या कुटाचे कण. मावशीकडे बोअरचं जड पाणी आहे. त्यातलं कॅल्शियम आणि तेल-तुपातली स्निग्ध आम्लं एकत्र आली की न विरघळणारा साबण तयार होतो, आणि परातीतलं भाकरीचं पीठ त्याला धरून बसतं. उन्हाळ्यात पाणी जपून वापरलं की पाईपमधून जोराचा लोंढा जात नाही, मग हा थर आणखी साचतो.

कॉस्टिक सोडा टाकला नाही. अर्धवट तुंबलेल्या पाईपमध्ये तो एकाच जागी थांबून तापतो आणि पीव्हीसी नरम पडू शकतं, शिवाय नंतर स्प्रिंग घालताना तेच पाणी अंगावर उडतं. रबरी पंपही या कामी तसा उपयोगाचा नव्हता. वापरायचाच तर दुसऱ्या बाऊलची जाळी ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरावी लागते, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो.

गोळा निघाल्यावर दोन्ही बाऊल बुच लावून काठोकाठ भरले आणि बुचं एकदम काढली. दोन्ही सोबतच उतरले, बाहेर चेंबरमध्ये भरल्या पाईपची धार पडली. मावशी म्हणाली, "आता ह्यात परात धुवायला हरकत नाही ना रे?" धू म्हटलं, पण पीठ आधी खरवडून घे.

काम अजून संपलेलं नाही. पाणसळ लावून पाहिली तर एल्बोच्या आधीचा पाईपचा तुकडा जवळजवळ सपाट आहे. तिथे मीटरला २५ मिमी उतार हवा, म्हणून बाहेरची क्लॅम्प खाली घ्यायची आहे. एल्बोच्या जागी झाकण असलेला डोअर बेंड बसवणार, म्हणजे पुढच्या वेळी ओट्याखाली न शिरता बाहेरूनच स्प्रिंग घालता येईल. बेंड आणलाय, सॉल्व्हंट सिमेंट आणायचं आहे.