डावी नळी

मंगळवार, रात्र

आज एचएसजी झाली, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून दोन्ही गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते एक्स-रेत बघायची तपासणी. पोटात अजून पाळीसारखी कळ आहे, पॅडवर डायचा चिकटपणा आणि थोडं रक्त. हे दोन दिवस चालेल असं सांगितलंय. ताप आला, घाण वास येणारा स्राव झाला किंवा दुखणं वाढत गेलं तर मात्र लगेच फोन करायचा.

तपासणीचा दिवस पाळीवरून ठरतो. रक्तस्राव थांबल्यावर, पण बीज सुटायच्या आधी, म्हणजे साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात. पोटात गर्भ नाही याची खात्री हवी, म्हणून पाळी आल्यापासून आजपर्यंत संबंध टाळायला सांगितलं होतं. आयोडीनची ॲलर्जी आहे का, अंगावरून वास येणारं पांढरं जातं का, हेही विचारलं. आत जंतुसंसर्ग असेल तर डायबरोबर तो वर नळ्यांत ढकलला जातो. मग घरात कुणाला टीबी झाला होता का, असं विचारलं तेव्हा मी चमकलेच. फुप्फुसातला टीबी रक्तातून नळ्यांपर्यंत पोचतो आणि कसलंही दुखणं न देता त्या खराब करतो, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येकीला विचारायलाच हवा.

तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली होती. एक्स-रेच्या टेबलावर पाय दुमडून झोपवलं, स्पेक्युलम लावलं, गार बीटाडीननं पुसलं. इथवर काहीच नाही. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी आत घातली आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवला तेव्हा पहिली कळ आली. खरी कळ डाय आत जाताना. ओटीपोट आतून ताणल्यासारखं झालं, कंबरेपर्यंत गेलं. मावशींनी हात धरून ठेवला होता, "तोंडानं श्वास सोड गं," म्हणत होत्या. डाय थांबवल्यावर मिनिटभरात ती ओसरली.

फिल्म घरी आणलीय, दिव्यासमोर धरून बघितली. मधे पांढरा त्रिकोण, ते गर्भाशय. उजव्या कोपऱ्यातून दोऱ्याएवढी रेघ निघते, वळत वळत जाते आणि टोकाशी डाय धुरासारखा पोटात पसरलाय. नळी मोकळी असल्याची हीच खूण. डावीकडे मात्र त्रिकोणाचा कोपरा आणि पुढे काहीच नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय, डावी नळी सुरुवातीलाच बंद.

नवरा म्हणाला, "एक तरी आहे ना." मला रडू आवरेना.

शुक्रवार

डॉक्टरांनी आधी फिल्म पाहिली, रिपोर्ट नंतर. म्हणाल्या, बंद कुठे आहे हे महत्त्वाचं. नळी गर्भाशयाच्या भिंतीतून बाहेर पडते तिथे तिच्याभोवती स्नायू असतो. दुखलं, दाब आला की तो आवळतो आणि डाय अडतो. कधी चिकट स्रावाची गुठळी अडकते. शिवाय एक बाजू मोकळी असली की डाय सोप्या वाटेनंच निघून जातो. त्यामुळे कोपऱ्यापाशी बंद दिसलेली नळी पुन्हा तपासल्यावर मोकळी निघणं काही दुर्मीळ नाही. एवढ्यावरून तिला बंद ठरवता येत नाही.

टोकाशी बंद होऊन पाण्यानं फुगलेली नळी असती तर गोष्ट वेगळी होती. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफमध्येही गर्भ रुजायला आड येतं, म्हणून अशी नळी आधी काढतात किंवा बांधतात. माझ्या फिल्मवर फुगलेलं काही नाही. टीबीत दिसतात तशा मण्यांच्या माळेसारख्या गाठीही नाहीत.

"डाव्या बाजूनं बीज सुटलं तो महिना वाया का?" मी विचारलं. नाही म्हणाल्या. नळीचं मोकळं टोक गर्भाशयामागे हलतं असतं, कधीकधी उजवी नळी डाव्या बाजूचं बीजही उचलते. मात्र डाय पलीकडे गेला म्हणजे नळी काम करतेच असं नाही, आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं, किंवा बाहेरून चिकटलेल्या पट्ट्या या तपासणीत बहुधा दिसत नाहीत.

नवऱ्यानं नेदरलँड्समधल्या 2017 च्या अभ्यासाबद्दल विचारलं. त्यात तेलकट डाय वापरलेल्या बायकांपैकी सुमारे 40 टक्क्यांना सहा महिन्यांत गर्भ राहिला, पाण्यातला डाय वापरलेल्यांत 29 टक्क्यांना. माझा पाण्यातला होता. त्यासाठी लगेच पुन्हा तपासणी करायची नाही, असं त्यांचं मत.

माझं वय 31, पाळी नियमित, नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट चांगला. म्हणून ठरलंय असं: पुढचे काही महिने सोनोग्राफीत बीज कधी आणि कुठल्या बाजूला वाढतंय ते बघत प्रयत्न करायचा. राहिलं नाही तर दुर्बिणीतून निळा डाय सोडून डावी नळी प्रत्यक्ष बघायची, म्हणजे पट्ट्या आणि एंडोमेट्रिओसिसही कळेल. पहिली सोनोग्राफी पुढच्या पाळीच्या दहाव्या दिवसाला. सासूबाईंना संध्याकाळी फिल्म दाखवली आणि डावा कोपरा का अडला असेल तेही समजावून सांगितलं.