सतराव्या उदाहरणाचं उत्तर : माझा अनुभव

माझी मुलगी यंदा आठवीत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी तिच्या क्लासने शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याजाची साठ शाब्दिक उदाहरणं झेरॉक्स करून दिली. शेवटच्या पानावर उत्तरसूची होती, पण नुसते आकडे. पायरी एकही नाही. माझा राग तिथूनच सुरू झाला. उत्तर चुकलं तर ते कुठे चुकलं हे लेकराला कळायचं कसं? म्हणून मी ठरवलं की साठही उदाहरणं पायऱ्यांसकट एका वहीत सोडवून ठेवायची.

पहिली सोळा एका संध्याकाळी झाली. सतरावं मात्र आठ दिवस चाललं. ते असं होतं : एका दुकानदाराने सायकल ५,४०० रुपयांना विकली. त्याला शेकडा २० नफा झाला, तर सायकलची खरेदी किंमत किती? माझं उत्तर ४,५०० आलं. सूचीत ४,३२० होतं. मुलीचंही ४,३२० च आलं होतं, त्यामुळे तिच्या लेखी आईच चुकली होती.

तिने ५,४०० चे २० टक्के काढले, १,०८० आले, ते वजा केले. दिसायला सरळ काम. मी तिला म्हटलं, आता उलटं करून बघ. खरेदी ४,३२० धर आणि त्यावर २० टक्के नफा काढ. नफा आला ८६४ रुपये, म्हणजे विक्री ५,१८४. गणितात तर ५,४०० दिलेत. मधले २१६ रुपये गेले कुठे? ती गप्प बसली, पण पटलं नव्हतं. "सूचीत छापलंय ना आई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. तिथे ऐकायला मिळालं की उत्तरं तपासलेली आहेत, तुम्ही मुलांना गोंधळवू नका. परवा पुन्हा गेले, तर सर नव्हते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वही उघडून बघायलाही कुणाला वेळ नव्हता. एका आकड्यासाठी तीन चकरा! वीस-पंचवीस मुलं तोच चुकीचा आकडा पाठ करत होती. ते आठवलं की आजही मला चीड येते.

गाठ सुटली ती नागपूरच्या इतवारी बाजारात. आमचे ओळखीचे एक काका आहेत, सायकलच्या सुट्या भागांचं दुकान तीस वर्षांपासून चालवतात. मुलीला घेऊन तिथे काही कामाला गेले होते, सहज उदाहरण वाचून दाखवलं. त्यांनी कागदही घेतला नाही. म्हणाले, "ताई, आधी सांगा, हे वीस टक्के कायचे लावून राहिले? खरेदीचे का बिलाचे?" मग त्यांनीच समजावलं. दुकानदार पुष्कळदा मार्जिन विक्रीवर धरतो. गल्ल्यात शंभर आले की त्यातले वीस आपले, असा त्याचा हिशेब. त्या हिशेबाने ५,४०० मधले १,०८० त्याचे आणि खरेदी ४,३२०. "दुकानात हे बरोबरच आहे ना बाप्पा," काका म्हणाले, "पण पुस्तकात नफा खरेदीवर धरतात. त्या हिशेबाने हा वीस नाही, पंचवीस टक्के नफा झाला." खरंच होतं. १,०८० हे ४,३२० चे बरोबर चौथा हिस्सा आहेत.

मुलीचा चेहरा तिथेच उजळला. मी आठ दिवस तिला रीत सांगत होते आणि तिला अडत होतं ते वेगळंच : टक्के कशाचे? शाळेच्या गणितात वेगळं सांगितलं नसेल तर शेकडा नफा-तोटा नेहमी खरेदी किमतीवर आणि सूट नेहमी छापील किमतीवर धरायची. घरी येऊन तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, ते जसंच्या तसं देते :

खरेदी किंमत १०० रु. मानू.
नफा २० रु., म्हणून विक्री किंमत १२० रु.
विक्री १२० रु. तेव्हा खरेदी १०० रु.
विक्री ५,४०० रु. तेव्हा खरेदी = ५,४०० × १०० ÷ १२० = ४,५०० रु.
पडताळा : ४,५०० चे २० टक्के = ९०० रु.; ४,५०० + ९०० = ५,४०० रु.

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. तेव्हापासून आमच्या वहीत पडताळ्याशिवाय उत्तराला चौकट करायची नाही, असं ठरलं. छापील सूची चुकली की आपण चुकलो, हेही त्याच ओळीवरून कळतं.

त्यानंतरची उदाहरणं भराभर झाली, कारण त्यांतही अडकायची जागा तीच निघाली. एका उदाहरणात ५०० रुपयांना घेतलेल्या शर्टावर २० टक्के वाढवून किंमत छापली आणि त्या किमतीवर २० टक्के सूट दिली. मुलगी आधी म्हणाली, ना नफा ना तोटा. पण वाढ ५०० वर आहे, म्हणून छापील किंमत ६००. सूट ६०० वर आहे, म्हणजे १२० रुपये. विक्री ४८०, तोटा २० रुपये, शेकडा ४. दोन्हीकडे वीसच टक्के, पण एक पाचशेचे आणि एक सहाशेचे.

सरळव्याजात तिची चूक वेगळी होती. १२,००० रुपये, दसादशे ८ दराने, ९ महिन्यांसाठी; रास किती? तिने मुदतीच्या जागी ९ टाकले आणि व्याज ८,६४० आलं. मी फक्त विचारलं, बारा हजारांवर नऊ महिन्यांत साडेआठ हजार व्याज कोण देतं? तिचं तिलाच कळलं. दर वर्षाचा आहे, तर मुदतही वर्षात हवी. आता आमची पहिली पायरी सूत्राची नसते, मुदतीची असते : ९ महिने = ९/१२ = ३/४ वर्ष. मग १२,००० × ८ × ३/४ ÷ १०० = ७२० रुपये व्याज. विचारली आहे रास, म्हणून १२,००० + ७२० = १२,७२० रुपये. परीक्षेत चार पर्याय असतात. त्यांत ७२० असेल तर घाईत त्याच्यावरच खूण होते, म्हणून प्रश्नातल्या शेवटच्या शब्दाखाली आधी रेघ मारायची.

एक राहिलंच. मुलांसाठी घरी उदाहरणं तयार करणार असाल तर उत्तरापासून उलटं चला. आधी खरेदी ठरवा, मग विक्री काढा. २० टक्के नफ्याच्या गणितात विक्री किंमत ६ च्या पटीत ठेवली की खरेदी पूर्ण रुपयांत येते. दिवसांची मुदत द्यायची असेल तर ७३ दिवस द्या, तो वर्षाचा बरोबर पाचवा भाग आहे. लेकरांचं लक्ष टक्के कशाचे यावर राहावं, अपूर्णांकांच्या भागाकारात संपू नये.

मागच्या आठवड्यात क्लासची नवी झेरॉक्स आली. सतराव्या उदाहरणापुढे आता ४,५०० छापलंय. पायऱ्या अजूनही नाहीत. मुलीच्या चार मैत्रिणी आमची वही उतरवून घेऊन गेल्या.