मध्य, मध्यक आणि मधला रुग्ण : दोन भाषांतील सादरीकरणाचा माझा अनुभव

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांना किती वेळ थांबावे लागते, याच्या नोंदी मी काही महिने तपासल्या होत्या आणि त्या वीस मिनिटांत मांडायच्या होत्या. ऐकायला बेचाळीस जण येणार होते. त्यांत आठ डॉक्टर होते आणि त्यांपैकी पाच जणांना मराठी वाचता येत नव्हते. बारा परिचारिका होत्या, आणि उरलेले बावीस जण केसपेपरच्या खिडकीवरील कर्मचारी, वॉर्डबॉय आणि मावशी होते. नोंदी गोळा करणे, आलेख काढणे आणि निष्कर्ष ठरवणे ही कामे विनासायास झाली. अडले ते स्लाइडवर कोणती भाषा लिहायची आणि कोणता शब्द वापरायचा या एकाच प्रश्नावर, आणि त्यात माझे अकरा दिवस गेले.

कार्यक्रमाचे संयोजन ज्या कार्यालयाकडे होते, तेथे सर्व स्लाइड आधी तपासायला द्याव्या लागत. माझ्या चौदा स्लाइड पहिल्यांदा परत आल्या त्या एका ओळीच्या शेऱ्यासह : प्रत्येक मजकूर दोन्ही भाषांत हवा. मी मुकाट्याने तसे केले. एका स्लाइडवरील तीन ओळींच्या सहा झाल्या, अक्षरांचा आकार अठ्ठावीसवरून सोळावर आणावा लागला आणि आलेख कोपऱ्यात गेला. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून पाहिले तेव्हा रोमन अक्षरे कशीबशी वाचता येत होती; देवनागरीत मात्र वेलांटी पहिली की दुसरी हेही कळत नव्हते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा लागते. ती आकसली की मात्रा आणि उकार आधी दिसेनासे होतात, म्हणजे ज्यांच्यासाठी मराठी मजकूर घातला त्यांनाच तो वाचता येत नाही. हे मी कार्यालयाला छायाचित्रासह कळवले. उत्तर चार दिवसांनी आले, आणि त्यात आकाराबद्दल अक्षरही नव्हते. त्यात नवी सूचना होती : ‘मीडियन’ हा शब्द देवनागरीत लिहिलेला चालणार नाही, प्रमाण मराठी पारिभाषिक शब्द वापरावा.

माझ्या सादरीकरणाचा कणा तोच एक शब्द होता, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. प्रत्यक्ष स्लाइडवर मी नऊ रुग्णांचे उदाहरण घेतले होते. त्यांना अनुक्रमे १०, १५, २०, २०, २५, ३०, ३५, ४५ आणि १६० मिनिटे थांबावे लागले. बेरीज ३६० येते, नवाने भागले की सरासरी ४० मिनिटे. पण ओळीने लावल्यावर मधोमध, म्हणजे पाचव्या जागी, जो रुग्ण येतो तो २५ मिनिटेच थांबला होता. हीच मीडियन. नवांपैकी सात जण चाळीस मिनिटांपेक्षा कमी थांबले. एका १६० मिनिटांनी सरासरी वर ओढली. खिडकीवरील कर्मचाऱ्यांना वर्षभर ‘सरासरी चाळीस मिनिटे’ हा आकडा ऐकवून बोलणी बसत होती. त्यांच्यापुढे हा फरक स्वच्छ मांडणे हाच माझ्या वीस मिनिटांचा हेतू होता.

शालेय गणिताच्या मराठी पुस्तकांत मीनला, म्हणजे सरासरीला, ‘मध्य’ आणि मीडियनला ‘मध्यक’ म्हणतात. कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे मी तेच दोन शब्द घातले आणि स्लाइडचे शीर्षक झाले : ‘मध्य ४० मिनिटे, पण मध्यक २५ मिनिटे’. कागदावर यात काहीच चूक नाही. दोन्ही शब्द शास्त्रशुद्ध आहेत आणि विद्यार्थी ते वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. परंतु वर्गात फळा असतो, पुस्तक असते आणि पुन्हा विचारायला वेळ असतो. सभागृहात वाक्य कानावरून एकदाच जाते, आणि या दोन शब्दांत फरक आहे तो शेवटच्या एका ‘क’चा.

मी केसपेपरच्या खिडकीवर पंधरा वर्षे काम करणाऱ्या एका मावशींना बसवून ते वाक्य बोलून दाखवले आणि जे ऐकू आले ते लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले, ‘मध्य ४०, मध्य २५’. मग कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, “मॅडम, दोन्ही मध्यच आहेत ना? मग खरा कुठला?” त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘मध्यक’ नंतर ‘पंचवीस’ हा शब्द येताच तो ‘क’ पुढच्या ‘प’त बुडतो, आणि ध्वनिक्षेपकातून तर तो ऐकूच येत नाही.

कार्यालयात मी तो कागद घेऊन गेले. तेथे मला सांगण्यात आले की कोशातला शब्द बदलण्याचा अधिकार माझा नाही. खरे तर मी कोणताही शब्द बदलत नव्हते. परिभाषा कोशांबद्दल मला आदर आहे. लेखी अहवालात, पाठ्यपुस्तकात, जेथे एकच संज्ञा शंभर ठिकाणी त्याच अर्थाने यावी लागते, तेथे मी स्वतः ‘मध्यक’च लिहिते. पण स्लाइडवरील शब्द ऐकला जातो, आणि ऐकणाऱ्याने तोच शब्द वापरून प्रश्न विचारायचा असतो. मावशी उठून ‘मध्यक’ म्हणणार नाहीत. त्या गप्प बसतील. हा वाद मी दोन फेऱ्या घातला आणि प्रत्येक वेळी फाईल ‘योग्य शब्द वापरून पुन्हा सादर करा’ या शेऱ्यासह परत आली. त्या शेऱ्याचा राग मला आजही येतो, कारण योग्य म्हणजे कोणासाठी योग्य, हे कोणी एकदाही विचारले नाही.

याच काळात माझ्या स्वतःच्या मजकुरातला एक दोष हाती लागला. इंग्रजी मसुद्यात मी एका स्लाइडवर ‘ॲव्हरेज’ आणि दुसरीवर ‘मीन’ लिहिले होते. त्यामुळे मराठीतही एके ठिकाणी ‘सरासरी’ आणि दुसरीकडे ‘मध्य’ आले, आणि ऐकणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या असत्या. मग मी स्लाइड बाजूला ठेवल्या आणि अकरा ओळींचा एक तक्ता केला : एका ओळीत एकच कल्पना, तिच्यासाठी मराठीत एकच शब्द आणि इंग्रजीत एकच शब्द. हा तक्ता स्लाइड करण्याच्या आधी करायला हवा, नंतर नव्हे. सरासरीच्या ओळीत ‘मध्य’ खोडला आणि सर्वत्र ‘सरासरी’ ठेवला, कारण तो शब्द मराठी येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होता. मध्यकाच्या ओळीत लिहिले ‘मधला रुग्ण’. ‘मधला रुग्ण २५ मिनिटे थांबला’ या वाक्याला व्याख्या लागत नाही. ओळीत मधोमध उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. रुग्णांची संख्या सम असली तर मधोमध दोन येतात आणि त्यांची सरासरी घ्यावी लागते, तेथे हा शब्द थोडा लंगडतो. माझे उदाहरण मी म्हणूनच नवाचे ठेवले.

तक्त्यातील बाकीचे शब्द ठरवताना मी एकच कसोटी लावली : उद्या सकाळी कामावर हा माणूस कोणता शब्द उच्चारणार आहे? म्हणून ‘केसपेपर’, ‘नंबर’ आणि ‘रिपोर्ट’ तसेच राहिले, ‘प्रतीक्षा कालावधी’ गेला आणि ‘थांबण्याचा वेळ’ आला. ‘प्रमाण’ हा शब्द मी पूर्णपणे टाळला, कारण मराठीत तो गुणोत्तर, टक्केवारी आणि नुसते मोजमाप या तिन्ही अर्थांनी चालतो. तेथे ‘शंभरांपैकी इतके’ असे लिहिले.

मांडणीचा प्रश्न शेवटी असा सुटला. प्रत्येक स्लाइडचे शीर्षक मराठीत, एका पूर्ण वाक्यात, अठ्ठावीस आकारात. त्याखाली इंग्रजीची पाच-सहा शब्दांची एक ओळ. ती शीर्षकाचे भाषांतर नव्हे, फक्त आलेख कशाचा आहे हे सांगणारी. बाकी सारी जागा आलेखाला. मराठी न वाचणाऱ्या पाच डॉक्टरांसाठी संपूर्ण मजकूर दोन पानांत इंग्रजीत छापून त्यांच्या आसनांवर ठेवला. आलेखात पाचव्या स्तंभाला ‘मधला रुग्ण’ आणि त्याखाली रोमन लिपीत मीडियन, अशी दोन नावे दिली. रोमन शब्द मी असे सुटे नाव म्हणूनच ठेवले, मराठी वाक्यात एकदाही घातले नाहीत. वाक्यात आले की त्यांना ‘पेक्षा’, ‘मुळे’, ‘चा’ चिकटवावे लागतात आणि दोन लिप्यांचा तो जोड वाचताना डोळा अडखळतो. हा आराखडा विभागप्रमुख सरांनी पाहिला आणि स्वतःच्या सहीने मान्य केला, तेव्हा कार्यालयाने तो स्वीकारला.

आकड्यांबद्दल सांगायचे राहिले. मराठी मजकुरात देवनागरी अंक मला प्रिय आहेत, पण आलेखावर मी आंतरराष्ट्रीय अंक ठेवले. देवनागरी ४ हा मराठी न येणाऱ्याला इंग्रजी आठसारखा दिसतो आणि १ हा नऊसारखा. माझ्या चाळीस मिनिटांची ऐंशी झाली असती. खिडकीवरील कर्मचारी संगणकावर रोज आंतरराष्ट्रीय अंकच टाकतात, त्यामुळे त्यांना काही अडले नसते. एकाच आलेखात दोन्ही प्रकारचे अंक मात्र कधीही ठेवू नयेत.

दुसरे, मजकूर युनिकोड फाँटमध्येच टाइप करावा. माझ्या दोन जुन्या स्लाइड युनिकोडपूर्व फाँटमधील होत्या आणि सभागृहातील संगणकावर त्यांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसला. त्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या. फाइल साठवताना `Embed fonts in the file` हा पर्याय निवडावा आणि सोबत पीडीएफ ठेवावी. टाइप करताना ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ हे शब्द नीट पाहावेत. साधा ‘र’ टाइप केला की त्याचा रफार होऊन ‘दुसर्या’ असे दिसते, आणि मोठ्या पडद्यावर ही चूक मराठी वाचकाला सर्वांत आधी खटकते.

बोलताना मी प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत सांगितले नाही. तसे केले असते तर वीस मिनिटांची चाळीस झाली असती. सारे मराठीत बोलले आणि प्रत्येक स्लाइडच्या शेवटी निष्कर्ष तेवढा इंग्रजीत एका वाक्यात सांगितला. नऊ स्तंभांच्या स्लाइडवर मी पाचव्या स्तंभावर बोट ठेवून थांबले. मागच्या रांगेतून त्याच मावशींचा आवाज आला, “मधला रुग्ण पंचवीस मिनिटांत मोकळा होतो, मग तो एकशे साठवाला कुठे अडकला?” त्यांच्या शेजारच्या सिस्टरांनी लगेच सांगितले की तो रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबलेला असणार. मी नोंद उघडली. तसेच होते. मराठी न येणाऱ्या एका डॉक्टरांनी हातातील कागदावरून मीडियनच्या ओळीवर बोट ठेवले आणि प्रयोगशाळेत नमुना किती वाजता पोहोचला याची वेळ मागितली. पुढची बारा मिनिटे माझ्या उरलेल्या स्लाइड कोणी पाहिल्या नाहीत. सभागृहात दोन्ही भाषांत फक्त त्या एका रुग्णाबद्दल बोलणे चालले होते.