बादली फोटोतच राहू द्यायची

छत गळलं आणि खालच्या प्लायवूडच्या कपाटाचा तळ फुगला. विम्याच्या दाव्यासाठी खोलीचे 14 फोटो काढले. त्यातला सहावा सगळ्यात महत्त्वाचा होता, कारण वरचा डाग, खालचं कपाट आणि मध्ये ठेवलेली बादली एकाच चौकटीत आली होती. फोनमध्ये वस्तू पुसून टाकायची सोय असतेच. बादली मळकी होती, कपाटाचा एक कोपरा तिच्यामागे झाकला जात होता, त्यामुळे ती काढावी असं कुणालाही वाटेल.

पण थेंब नेमका कुठे पडतोय, हे त्या बादलीवरूनच कळतं. गळती दिसल्यावर नुकसान वाढू नये म्हणून काहीतरी केलं होतं, हेही तिच्यावरून कळतं, आणि सर्व्हेअर ते पाहतोच. शिवाय तिच्या उंचीवरून कपाट किती वर फुगलंय याचा अंदाज येतो. बादली पुसली की तिच्यामागची फरशी सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने भरतं. तिथे ओल होती की कोरडं होतं, हे कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. म्हणजे दाव्याच्या फोटोत कधी अस्तित्वातच नसलेली फरशी येते.

हे पकडलंही जातं. फरशीची तीच नक्षी शेजारी पुन्हा उमटते, भरलेला भाग बाकी फोटोपेक्षा जास्त गुळगुळीत दिसतो, किंवा बादली जाते आणि तिची सावली मागे राहते. कधी फाइलच्या आत दडलेलं छोटं चित्र जुनंच राहतं आणि त्यात बादली तशीच दिसते. बादली पुसण्यामागे फसवायचा हेतू नसला, तरी मग प्रश्न एका फोटोपुरता राहत नाही; उरलेल्या 13 फोटोंवरही शंका येते. कोर्टात तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करेल.

म्हणून कपाटाचा झाकलेला कोपरा दाखवायला बादली बाजूला सरकवून नवा, वेगळा फोटो काढला आणि दोन्ही दिले. सोबत नोंद केली: "फोटो 7: बादली हलवल्यानंतर." खरी वस्तू हलवायला हरकत नाही, मात्र आधीची स्थिती टिपलेली हवी आणि काय हलवलं ते सांगितलेलं हवं.

सगळ्यात आधी मूळ फाइल्स केबलने संगणकावर घेतल्या आणि "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून तो फक्त वाचण्यापुरता केला. मग प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारी बोटाच्या ठशासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ, काढून लिहून ठेवला. विंडोजवर त्यासाठी हा आदेश चालतो:

```
certutil -hashfile IMG_0006.JPG SHA256
```

फाइल नुसती कॉपी केली तर हॅश तोच राहतो. आत एक बिट बदलला तरी तो बदलतो. आडवा फोटो गॅलरीत उभा करून सेव्ह केला, तरी फाइल नव्याने लिहिली जाते आणि हॅश जुळत नाही. त्यामुळे फिरवणंसुद्धा कॉपीवरच. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि वेळ, कॅमेरा वगैरे माहिती गळून पडते. मूळ फाइल द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलला जोडून द्यावी.

कॉपीवर केलेले बदल मोजकेच होते. फोटो अंधारा होता, म्हणून पूर्ण चौकटीचा उजेड सारखाच वाढवला. फक्त डागावर ब्रश फिरवून तो गडद केला असता, तर नुकसान वाढवून दाखवल्यासारखं झालं असतं. रंगाचा तोल मी अजिबात बदलत नाही, कारण पाण्याच्या डागात पिवळेपणा किती हाच पुरावा असतो. कापलेला फोटो दिला तर त्याच्यासोबत अख्खा फोटोही जातो. बाण आणि मापं कॉपीवर, स्पष्ट दिसतील अशी. टेबलावरच्या कागदावरचा खाते क्रमांक लपवायचा होता, तिथे सरळ काळी चौकट टाकली. झाकलंय हे दिसायला हवं. कागद कोरा भासेल असं पुसणं चुकीचंच. प्रत्येक बदल एका ओळीत लिहिला: कोणती फाइल, काय केलं, कोणत्या तारखेला.

भिंतीच्या कोपऱ्यात एक जुनी भेगही फोटोत आली होती. ती या गळतीची नव्हती. ती कापून टाकली असती आणि सर्व्हेअरने खोलीत येऊन पाहिली असती, तर डागाबद्दलचं माझं म्हणणंही त्याने संशयानेच ऐकलं असतं. म्हणून ती तशीच ठेवली आणि नोंदीत लिहिलं: "डाव्या कोपऱ्यातली भेग आधीपासूनची आहे, तिचा दावा नाही."